कापडाचा हात

आमच्या घरात पीळ सुतात कमी आणि माणसांत जास्त. सासऱ्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, आणि मामा म्हणजे पिळाचं पहिलं गिऱ्हाईक. विट्यात घराला लागूनच आमची शेड, शेडमध्ये चार माग. त्या चार मागांवर कापड निघालं तर ते ठोकून भरलेलंच निघालं पाहिजे, असा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट.

"कापड कसं पायजे? वाऱ्यालाबी वाट मिळता कामा नये," असं ते येईल त्याला सांगायचे. नेसणाऱ्याला घाम येतो, हे ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसायची.

त्या पावसाळ्यात काम नसल्याने माग बंद होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भंगारवाल्याला बोलावून माग दाखवलेसुद्धा. तो लोखंड ठोकून बघत होता तेव्हा मामा उंबऱ्यात पाठ करून बसले होते. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत. शेवटी ह्यांनी एक मुदत दिली. शिरवळकडे बाळांची दुपटी शिवणारा एक कारखाना आहे, तिथल्या खरेदीवाल्या बाईंना नमुना पसंत पडला तर माग राहतील. नाही पडला तर गणपती झाल्यावर टेम्पो येईल.

मामांनी पहिला नमुना स्वतः काढला. उभा ताणा चाळीस नंबरच्या सुताचा, इंचाला बहात्तर धागे. आडवा बाणाही त्याच सुताचा, इंचाला अडुसष्ट. तो शिरवळला गेल्यावर बाईंनी कापडाचा गोल तुकडा कापून काट्यावर ठेवला. वजन जसं मागितलं होतं तसं आलं. मग त्यांनी तो तुकडा अंगठा आणि बोटात धरून चोळला, आणि फोनवर सांगितलं, "वजन बरोबर आहे हो, पण हात कडक आहे."

हात म्हणजे कापडाचा स्पर्श. आमच्या धंद्यात कापडाला वजन असतं, पन्हा असतो आणि हातही असतो.

"खळ हाय ती! ताण्याला लावलेली," मामा कडाडले. "धुतल्यावर बघा म्हनावं, लोणी!"

मी धुतलं. एकदा नाही, तीनदा, गरम पाण्यात. खळ गेली, पाणी पांढरं झालं, पण लोणी काही निघालं नाही. पापड वाळवावा तसं ते दोरीवर ताठ उभं राहिलं. अहो, जन्मून दोन दिवस झालेलं लेकरू त्यात गुंडाळायचं होतं!

मग मी शहाणपणा केला. मला वाटलं, सूत बारीक घेतलं की कापड मऊ होणारच. सुताचा हिशोब उलटा असतो, नंबर वाढला की धागा बारीक होतो. म्हणून बाण्याला साठ नंबर आणला, स्वतः सूत गुंडाळून कांड्या भरल्या, माग लावला. इंचाला धागे मात्र अडुसष्टच ठेवले. धागा बारीक झाला तर तेवढंच वजन भरायला धागे जास्त लागणार, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही! कापड हलकं पडलं, विरळ पडलं, आणि बाईंनी काट्यावरूनच परत पाठवलं. शिवाय बारीक सुताला जास्तच पीळ दिलेला, त्यामुळे हातही जेमतेमच.

मामांना केवढा आनंद झाला! टेम्पो दारात यायची वेळ आली होती, तरी आनंद! "मासं धरायला जा घिऊन," म्हणाले. "लय उपेगी पडंल."

मी रडले, खरंच रडले. मामांच्या बोलण्याचं नाही, माझ्याच मूर्खपणाचं वाईट वाटलं. बाईंनी आता एकच नमुना आणखी बघेन असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कांड्यांच्या टोपलीपाशी बसले होते. मामांच्या सुताच्या कोनावर गुंडाळलेला हातभर धागा ओढला आणि दोन्ही टोकं जवळ आणली, तर धागा मधेच गरागरा फिरला आणि स्वतःलाच वेटाळून बसला. किती तो पीळ! ताण्याला एवढा पीळ लागतोच, नाहीतर मागाच्या झटक्यांनी धागा तुटतो. पण बाण्याला कुठे एवढा ताण असतो? मामांनी ताण्याचं उरलेलं सूत बाण्याला घातलं होतं. उभं कडक, आडवंही कडक, आणि वर ठोकून बसवलेलं. मऊपणाला जागाच राहिली नव्हती.

"आवं मामा," मी म्हणाले, "ताणा तुमचा राहू दे. बाणा मला द्या. तीस नंबर, कमी पिळाचा, बनियनला वापरतात तसला."

"जाड सूत? वजन वाढंल की गं येडे."

"इंचाला धागे कमी करायचे. चाळीसचे अडुसष्ट, तर तीसचे एक्कावन्न. वजन तेवढंच."

मामा बोटांवर हिशोब करू लागले. एकदा केला, दोनदा केला. "येतंय खरं," म्हणाले, आणि लगेच, "पर सतरा धागं कमी? लोक काय म्हनतील?"

"कापड झरझर निघंल म्हणतील," मी म्हणाले.

तोंड वाकडं करत का होईना, त्यांनीच इंचाचे धागे ठरवणारं मागाचं चाक बदललं आणि एक्कावन्न लावले. कापड निघालं, मी धुतलं, वाळवलं. हातात घेतलं तर मुठीत गोळा झालं आणि सोडल्यावर अलगद उलगडलं. मी नाचायचीच बाकी होते. पहिला नमुना आणि हा नवा, दोन्ही मामांपुढे धरले. "डोळं मिटा आणि सांगा, मऊ कंचं?"

त्यांनी चोळलं. परत चोळलं. पहिल्या नमुन्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये."

मला वाटलं, मुद्दाम करतायत. मी हसलेसुद्धा. मग त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. वर्षानुवर्षं धाग्यांना गाठी मारून शेंडे घट्टे पडून पिवळे झालेले, टाचेसारखे. मी नवा तुकडा त्यांच्या गालाला लावला. मग जुना तुकडा त्यांनी स्वतःच उचलून दुसऱ्या गालाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

"कवापासनं असं झालंय, मलाबी ठावं न्हाई," एवढंच म्हणाले.

नमुना शिरवळला गेला. चार दिवसांनी बाईंचा फोन आला तेव्हा मामांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. वजन बरोबर, हात छान, काम देतोय, असं त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांनी खुर्चीत अंग टाकलं. पण बाईंचं संपलं नव्हतं. प्रत्येक खेपेला हात असाच लागला पाहिजे, तुमच्याकडे तपासणार कोण, असं त्यांनी विचारलं.

मी मामांकडे बघितलं. हा प्रश्न या शेडमध्ये आजवर कुणी विचारलाच नव्हता, कारण उत्तर एकच होतं. मामांनी घसा खाकरला.

"माझी सून तपासंल," ते म्हणाले. "मला आता कळत न्हाई."