सदतीस ‘न’

मॅट्रिक होऊन वर्ष लोटलं होतं आणि मी साताऱ्यात मामाच्या घरी बसून भाकरी मोडत होतो. लढाईचे दिवस. भरतीला गेलो तर छाती भरली नाही म्हणून परत पाठवलं. नोकरीसाठी अर्ज इतक्या ठिकाणी केले होते की पोस्टमन मला लांबूनच हात हलवून ‘काही नाही’ म्हणायचा.

शाळेतले माझे जुने मास्तर एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, “नुसता अर्ज कोण वाचतो? ‘मी कष्टाळू आहे’ असं सगळेच लिहितात. ज्याच्याकडे नोकरी हवी त्याचंच थोडं काम करून अर्जाला जोड. जागा नसली तरी तो दोन मिनिटं थांबेल.”

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मला एकच गोष्ट चांगली येत होती, शुद्धलेखन. आणि मामाकडे सांगलीच्या एका छापखान्यातून निघालेलं सोळा पानांचं पुस्तक आलं होतं, उसाच्या लागवडीवरचं. मामा ते उशाशी घेऊन निजायचा. मी ते मागून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली पाच पानं स्वच्छ होती. मी हिरमुसलो. सहाव्या पानावर मात्र खजिना सापडला. ‘पानी सोडावे’, ‘बेने निवडावे’, ‘लागन’, ‘आनि’. पुढच्या दोन पानांवरही तेच. नवव्या पानापासून पुन्हा सगळं नीट आणि चौदाव्यापासून शेवटपर्यंत परत ‘पानी’ आणि ‘लागन’. ‘ण’च्या जागी ‘न’ असे एकूण सदतीस. इतर चुका जेमतेम सहा.

दोन दिवस बसून मी तक्ता आखला. पान, ओळ, छापलेला शब्द, शुद्ध शब्द. शेवटचा रकाना माझ्या डोक्यातला, ‘चुकीचे कारण’. त्यात मी अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरबद्दल ठसक्यात लिहिलं, ‘कंपोझिटर ग्रामीण बोलीचा असल्याने त्यास ण व न यांतील भेद कळत नाही.’ खाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण छत्तीस वेळा.

आता खरं सांगायचं तर माझी आई ‘पानी’च म्हणायची. मीही सातवीपर्यंत तसंच म्हणत होतो. वर्गात पोरं हसली, तेव्हा चिडून घोकून घोकून ‘ण’ जिभेवर बसवला होता. ज्यानं स्वतःचं बोलणं असं खरवडून काढलेलं असतं, त्याला दुसऱ्याच्या बोलण्याचा राग जरा जास्तच येतो. तो सगळा राग मी त्या रकान्यात ओतला.

छापखान्यानं कुठेही जागा जाहीर केली नव्हती. तरी मी प्रूफ तपासण्याच्या कामासाठी अर्ज केला, तक्ता जोडला आणि पाठवून दिला. दहाव्या दिवशी मालकांचं कार्ड आलं. ‘भेटून जावे.’ मामानं गूळ वाटला.

मिरजेला गाडी बदलून मी सांगलीत पोचलो. छापखाना लहानच होता. एक यंत्र, अक्षरांच्या लाकडी खणांचे उभे घोडे आणि शाईचा वास. मालक धोतर-कोटातले, बोलायला गोड. माझा तक्ता त्यांच्या टेबलावर होता.

“उत्तम काम आहे,” ते म्हणाले. “प्रूफं आजवर मीच बघत आलो, पण आता डोळे देत नाहीत. तुम्हाला घ्यावं म्हणतो. आणि तुमच्या तक्त्यावरून कंपोझिटरही बदलावा म्हणतो. बोलावतो त्याला. त्याच्यासमोरच वाचा, म्हणजे बोल माझ्यावर नको.”

मी गडबडलो. कंपोझिटर बदलणं माझ्या मनात आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, कागदावरच्या चुका म्हणजे कागदावरच्याच.

तो आला. पन्नाशीचा, बुटका, बोटं शिशानं काळी. मी वाचायला लागलो. आवाज आधी चांगला होता. ‘ग्रामीण बोलीचा असल्याने’पाशी तो खाली आला. वाचून झाल्यावर त्यानं हात पुढे केला. मी तक्ता दिला. तो बोटानं एकेक ओळ खाली जात राहिला.

“सायेब,” तो मला म्हणाला, “ह्यात पयल्या पाच पानांची एक बी चूक न्हाई.”

“नाही. ती शुद्ध आहेत.”

“आन् नवव्यापास्नं परत न्हाई. मला भेद कळत न्हवता, तर पाच पानं कळला, मग तीन पानं इसरलो, मग परत कळला, आसं व्हय?”

तक्ता माझाच होता. आकडे मी मांडले होते. आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्यानं मला घोड्यापाशी नेलं. एकेका अक्षराच्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या ठशांचा, एकेक खाना. ‘न’चा शिगोशीग भरलेला. ‘ण’च्या खान्यात तळ दिसत होता आणि होते त्यातलेही बरेच झिजून बोथट झालेले.

“आठ पानं येका वक्ताला छापत्यात,” तो शांतपणे सांगू लागला. “छापून झाली की मगच खिळं सुटून परत खान्यात येत्यात. उसाच्या पुस्तकात ण लय लागतोय. पाणी ण, बेणं ण, लागण ण. पाच पानांतच खाना रिकामा. मग अर्धा ण आन् काना जोडून रेटलं. ते बी सरलं. मग ‘न’ घातला आन् प्रुफाच्या कडंला लिवलं, ‘ण न्हाई.’”

“मग?” मी विचारलं.

“मग मालक म्हणाले, चालवा. शेतकऱ्यांचं पुस्तक हाय. खिळं लढाई संपल्यावर घिऊ.”

मालक खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांना ते आठवलं होतं, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी परत टेबलापाशी आलो, टाक उचलला आणि शेवटच्या रकान्यावर उभी काट मारली. बाजूला लिहिलं, ‘कारण: छापखान्यात ण चे खिळे अपुरे. कंपोझिटरने कळवले होते. तपासणाराची चूक.’ खाली सही केली आणि कागद मालकांपुढे ठेवला. नोकरी गेली हे मी धरूनच चाललो होतो. मामाला काय सांगायचं, याची जुळणीही मनात सुरू झाली होती.

मालकांनी तो बराच वेळ वाचला. एवढ्याशा तीन वाक्यांना इतका वेळ लागत नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक तारखेपासून या. पुण्याला खिळ्यांसाठी पत्र लिहायचं आहे, ते तुम्हीच लिहा.” आणि कंपोझिटरला म्हणाले, “ते मघाचं सोडून टाका.”

मघाचं म्हणजे काय, ते मला पुन्हा घोड्यापाशी गेल्यावर कळलं. तिथे दोऱ्यानं बांधलेला एक लहान मजकूर तयार होता. खिळे उलटे असतात, म्हणून वाचायला वेळ लागला. ‘शुद्धलेखन जाणणारा, व्याकरणाचे ज्ञान असणारा कंपोझिटर पाहिजे.’ त्याच्याच जागेची जाहिरात मालकांनी सकाळी त्यालाच जुळवायला दिली होती आणि त्यानं ती जुळवली होती. त्या खान्यातले सगळ्यात धड, सगळ्यात कोरे ण निवडून.

“ह्यात ‘न’ घातला असता तर?” मी विचारलं.

“तर तुमचं म्हणनं खरं झालं आसतं,” तो म्हणाला.

त्यानं दोरा सोडला. ण बाजूला काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“मोजून टाका खान्यात,” तो म्हणाला. “तुमास्नी मोजायची सवय हाय.”

चार होते.