पांढऱ्या डागाचा फोटो

आमचं केडगावला फ्लेक्सचं दुकान आहे. यजमान कॉम्प्युटरवर बॅनर करतात आणि मी त्यांतलं शुद्धलेखन बघते. ‘हार्दीक’चा ‘हार्दिक’ करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. यजमानांचं मुख्य काम म्हणजे चेहरे साफ करणं. ज्याचा वाढदिवस त्याचे मुरुमाचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, तंबाखूचे दात, सगळं ते माऊसने पुसतात. आपल्या बॅनरवरचा माणूस रस्त्यात भेटला तर त्याला ओळखता येत नाही, ही त्यांच्या कामाची पावती.

महिलांच्या तपासणी शिबिराचा बॅनर आम्ही फुकट करून दिला होता, म्हणून मलाही तिथे जावं लागलं. गर्भाशयाच्या मुखावरून ब्रश फिरवून पेशी घेतल्या, काचेवर लावून तपासायला पाठवल्या. बॅनरवर अकरा पुढारी हसत होते आणि माझा तेवढा रिपोर्ट वाईट आला. ‘पेशींत बदल दिसतात, दुर्बिणीने तपासून घ्या,’ असं त्यात लिहिलं होतं. मी रिपोर्ट वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक शोधली आणि मग रडले.

नगरच्या दवाखान्यात सोबत सासूबाई आल्या. बायकांच्या दवाखान्यात पुरुषाचं काय काम, म्हणून यजमान बाहेर मोटरसायकलपाशी उभे राहिले. डॉक्टर मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं. गुलाबी, ओलसर, गोल, मधे बारीक छिद्र.

“हे गर्भाशयाचं मुख. आता मी इथे कापसाने व्हिनेगर लावणार. पातळ केलेलं असतं, थोडं चुरचुरेल. मग मिनिटभर थांबायचं.”

“चायनीजच्या गाडीवर असतं त्ये?” सासूबाई म्हणाल्या.

“तसलंच, आजी. पण हे मोजून केलेलं.”

मी टेबलावर पाय वर करून पडलेली आणि सासूबाई खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर बसलेल्या. टीव्हीवर मालिका लागायची वाट बघावी तशा. हळूहळू छिद्राच्या वरच्या बाजूला एक पट्टा पांढरा होत गेला. दुधावर साय धरते तसा, कडा स्पष्ट. मॅडमनी फोटो काढला.

“हे बघा,” त्या मला म्हणाल्या. “बदललेल्या पेशींचं केंद्रक मोठं असतं आणि त्या दाटीवाटीने असतात. व्हिनेगर लागलं की त्यांच्यातलं प्रथिन थोडा वेळ गोठतं. मग उजेड आत जात नाही, परत फिरतो, म्हणून ती जागा पांढरी दिसते. पांढरं झालेलं सगळंच वाईट नसतं. नुसती सूज असली तरी होतं. पण तुमचं दाट आहे आणि कडाही ठळक आहेत. तेव्हा इथला मोहरीएवढा तुकडा काढून तपासू. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पुढे होऊ नये म्हणून बघायचं.”

शेवटची तीन वाक्यं माझ्या कानात गेलीच नाहीत. ‘कॅन्सर’ एवढंच गेलं. मला धाकट्या मुलीची दहावी दिसायला लागली.

मॅडम चिमटा घ्यायला वळल्या आणि तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, “गेलं! अवं मॅडम, गेलं की!”

खरंच, पडद्यावरचा पांढरा पट्टा फिका होत चालला होता. बघता बघता गुलाबीत मिसळला.

“आजी, ते विरतंच. व्हिनेगरचा असर उतरला की पेशी पुन्हा होत्या तशा दिसतात. डाग जातो, पेशी तिथेच राहतात. म्हणून तर फोटो काढून ठेवायचा.”

“तुमीच लावलं, तुमीच पांढरं केलं, आन् आता पोरीचा तुकडा काढता व्हय? आमच्याकडं निम्म्या बायांच्या पिशव्या अशाच गेल्या. चल गं, उठ. शनिवारी शिंगणापूरला तेल वाहू.”

सासूबाईंचं म्हणणं वेडगळ होतं हे मला कळत होतं. पण भीती वाटत असली की वेडगळ म्हणणंच सोयीचं वाटतं. मी साडी सावरून उठले. मॅडम चिडल्या नाहीत. “पिशवी काढायचं मी बोललेच नाही,” म्हणाल्या. “घरी विचार करा, पण लवकर या.” आणि तो फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला.

यजमानांना रस्त्यात सासूबाईंनी सगळं सांगितलं. दुकानात आल्यावर म्हणाले, “दाखव.” मी दाखवला. तो त्यांनी कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला आणि बघत बसले. मी चहा करायला आत गेले. कप घेऊन आले तर त्यांनी पांढरा पट्टा पुसून टाकला होता. शेजारचा गुलाबी रंग उचलून त्यावर भरला होता, कडा मऊ केल्या होत्या, वर जरासा उजेडही वाढवला होता.

“गेला बघ,” म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

मी कप टेबलावर ठेवले. तेवढ्यात गावाकडचे एक भावी सरपंच बॅनरची चौकशी करत आत आले आणि पडद्यापुढे थबकले.

“आयला, लई भारी! ह्यो सूर्य कुठनं आणला?”

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

“माझ्या डोक्यामागं ह्योच टाका. उगवता सूर्य. विरोधकाकडं न्हाई पायजे असला.”

“ते विकायला नाही,” यजमान म्हणाले.

“दोन पैसं जास्त घ्या की.”

“ते घरचं आहे,” म्हणत त्यांनी पडदाच बंद केला. भावी सरपंच नाराज होऊन कमळाच्या पार्श्वभूमीवर तयार झाले. पक्षाला चालेल का ते विचारून सांगतो म्हणाले.

ते गेल्यावर मला हसू फुटलं. पोटात दुखेपर्यंत हसले आणि हसता हसता एकदम घाबरले. आमच्या बॅनरवर आजवर एकाच्याही तोंडावर डाग राहिला नाही आणि प्रत्यक्षात सगळे जसेच्या तसे फिरतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? फोटो साफ झाला होता. मी नव्हते झाले.

“अहो, उद्या मला दवाखान्यात घेऊन चला,” मी म्हणाले. “आणि या वेळी तुम्ही आत या.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हिनेगर लावलं. त्याच जागी, त्याच कडांचा पांढरा पट्टा उगवला. सासूबाई हट्टाने आल्याच होत्या. “आला परत मेला,” एवढंच पुटपुटल्या आणि मॅडमनी तुकडा काढला तेव्हा माझा हात धरून बसल्या. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. त्याच्या आधीची पायरी निघाली, पण बरीच वरची. मॅडमनी जागेपुरतं इंजेक्शन देऊन तारेच्या गरम कडीने तेवढा भाग काढला. काढलेल्या तुकड्याच्या कडाही तपासणीत साफ आल्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. पिशवी जिथल्या तिथे राहिली.

काही महिन्यांनी परत बोलावलं. ब्रशने पेशी घेतल्या, व्हिनेगर लावलं. मिनिट गेलं, मग आणखी एक. सासूबाई, यजमान, मॅडम आणि मी, चौघं पडद्याकडे बघत होतो. गुलाबी ते गुलाबीच राहिलं.

“छान आहे,” मॅडम फोटो काढत म्हणाल्या. “पेशींचा रिपोर्टही चांगला येईल असं वाटतंय.”

यजमान खुर्चीतून उठले. पडद्याच्या अगदी जवळ गेले, वरची कड बघितली, खालची बघितली. मग मॅडमकडे वळून, आयुष्यभर लोकांचे डाग पुसलेला हा माणूस हात जोडून म्हणाला, “मॅडम, खरं सांगा. ह्यात कुणी काही पुसलं नाही ना?”