आधी घरं मोजा

चौथीच्या बाईंना शाळेत सगळे मागून ‘तिखटबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यांची काही हरकतही नव्हती. राग नाकावर असायचाच, पण तो कधी मुलांवर निघायचा नाही. निघायचा तो खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्यांवर.

मोठ्या संख्यांचा क्रम शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली. फळ्यावर संख्या लिहायच्या आणि म्हणायचं, “आधी घरं मोजा, एका अंकाचं एक घर. ज्याची घरं जास्त, तो मोठा. मग पुढे नऊ असो की एक. घरं सारखी निघाली तर डावीकडून एकेक दार ठोठावायचं. पहिला फरक जिथे दिसेल तिथे थांबायचं.” वर्गात एक मुलगी होती, सावकाश लिहायची म्हणून तिला मुंगी म्हणत. नऊ दिसला की संख्या मोठी, हे तिच्या डोक्यात असं घट्ट बसलेलं की एक लाखापेक्षा अठ्ठ्याण्णव हजार मोठे म्हणून ती भांडायची. बाईंनी तिच्यामागे अख्खा हिवाळा घालवला. मग एकदाचं तिला उमगलं, आणि त्यानंतर पोरगी दिसेल त्या संख्येची घरं मोजत सुटली.

आणि चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. ९८७६, १००२३४, ९८७६५ आणि ९८७५६ चढत्या क्रमाने लावा. पेपर तपासले दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी, मोठ्या सरांनी दिलेल्या उत्तरसूचीवरून. त्या प्रश्नात मुंगीला भोपळा मिळाला. तिलाच काय, जवळजवळ सगळ्या चौथीला. चौथी कच्ची आहे, मधल्या सुट्टीत जादा तास घ्या, असा निरोप शिपाई घेऊन आला.

बाईंनी मुंगीचा पेपर पाहिला. ९८७६ ची घरं चार, म्हणून तो पहिला. १००२३४ ची सहा, म्हणून तो शेवटी. मधल्या दोघांची पाच-पाच. दशहजार, हजार, शतक सारखे, दशकात पाच आणि सहा, म्हणून ९८७५६ आधी. कुठेही चूक नव्हती. उत्तरसूचीत मात्र १००२३४ सगळ्यात लहान, त्यानंतर ९८७५६, मग ९८७६, आणि शेवटी ९८७६५. म्हणजे अठ्ठ्याण्णव हजारांच्या मागे नऊ हजार उभे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. सरांनी सूची स्वतः केलीच नव्हती. संख्या संगणकात टाकून क्रम लावायला सांगितलं होतं. संगणकाने त्यांना अक्षरं समजून शब्दकोशातल्या शब्दांसारखं लावलं: पहिलं अक्षर आधी, लांबी कोण बघतो. मुंगीची जुनी चूकच ती, फक्त यंत्राने केलेली. आणि छापण्याआधी त्या चार ओळींवर नजर टाकायला कुणाला सवड नव्हती. पोरांनी मात्र पेपर दोनदा तपासून द्यायचा, नाही तर आळशी!

सरांनी चूक मान्य केली, पण हळू आवाजात. गुण दुरुस्त करू, जादा तासही नको. वर्गात मात्र बोलू नका, शाळेचं नाव जातं, असं त्यांचं म्हणणं. शाळेचं नाव जातं म्हणे. आणि पोरांचा शिकलेल्यावरचा विश्वास गेला तर तो कुठून आणायचा? बाई तशाच वर्गात परतल्या.

वर्गात त्यांनी त्याच चार संख्या फळ्यावर लिहिल्या आणि मुंगीला बोलावलं. पोरगी आली, खडू घेतला, आणि एकदाही न अडखळता सगळ्यात आधी एक लाख दोनशे चौतीस लिहिले. मग पुढचे तिन्ही, अगदी उत्तरसूचीबरहुकूम. पेपरांबरोबर वर्गात वाटलेल्या छापील सूचीवरून तिने ते पाठ केलं होतं.

“अगं, घरं नाही मोजलीस?” बाईंनी विचारलं.

“मोजली ना बाई. खरं कुठलं ते मला माहितीये,” मुंगी म्हणाली. “पण मार्कांसाठी हेच लिहायचं ना?”

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागाचं होतं, आणि दुसरंही काही होतं. एका हिवाळ्याची मेहनत एका छापील कागदाने अशी मातीत घातली होती. त्यांनी मुंगीचा हात धरला आणि तिला मोठ्या सरांच्या खोलीत नेलं.

“हिचा एक प्रश्न आहे. उत्तर तुम्हीच द्या,” त्या म्हणाल्या.

मुंगीने तोच प्रश्न सरांना विचारला. सरांनी टेबलावरची उत्तरसूची बाजूला सारली. मग म्हणाले, “खरं असेल तेच लिही, बाळ.”

“हे तिला एकटीला सांगून भागणार नाही, सर. सगळा वर्ग बसलाय,” बाई म्हणाल्या, आणि दार उघडं धरून उभ्या राहिल्या. सर खुर्चीतून उठेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.