गच्चीचा ठराव

बीडच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी निवडायची पद्धत सोपी होती: जो सभेत उशिरा येईल तो. मी उशिरा पोचले. शिवाय शाळेत मराठी शिकवते, म्हणजे लिहिता येतंच, असं सगळ्यांनी एकमताने धरलं.

माझ्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत वादाचा विषय होता गच्चीचा. खतांचं दुकान असलेले काका गच्चीच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. वरून पाय आपटतात, पाणी मुरतं, म्हणून गच्चीला कायमचं कुलूप लावा, असं त्यांचं म्हणणं. बायकांना उन्हाळ्यात कुरडया-पापड घालायला गच्ची हवी होती. अध्यक्ष मूळचे गेवराईकडचे, राजकारणात मुरलेले. पार्किंगमधल्या सभेतही ते माईक मागत.

दोन तास भांडण चाललं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मंग ठरलं न्हवं?"

"ठरलं!" सगळे एका सुरात ओरडले आणि चहाकडे धावले.

मी घरी येऊन मन लावून इतिवृत्त लिहिलं. कोण ताडकन उठलं, कोणाचा आवाज कापरा झाला, "तुमच्या कुरडया माझ्या डोक्यावर कशापायी?" हे काकांचं वाक्य, त्यावर उठलेला हशा, सगळं जसंच्या तसं. शेवटी लिहिलं, 'सर्वानुमते ठरले.' वाचून माझे मलाच डोळे भरून आले. मसुदा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

चहा गार व्हायच्या आत फोन सुरू झाले. जो तो म्हणे, मी असं बोललोच न्हाई. ज्यांचं काहीच लिहिलं नव्हतं ते म्हणत, आमचं मुद्द्याचं बोलणं कुठंय? दुपारपर्यंत काकांनी गच्चीला नवं कुलूप ठोकलं. "ठरलंय ना सर्वानुमते!" संध्याकाळी बायकांनी ते काढायला लावलं. त्यांचंही तेच उत्तर, "ठरलंय ना!"

तेव्हा मी मसुदा पुन्हा वाचला. काय ठरलं, ते मी लिहिलंच नव्हतं. आठवून पाहिलं, तर सांगता येईना. सगळे 'ठरलं' म्हणाले होते खरे, पण प्रत्येकाने आपल्या मनातलंच ठरलं असं धरलं होतं.

तळमजल्यावर एक अक्का राहतात, निवृत्त ग्रामसेविका. नेकनूरच्या बाजूच्या गावांमध्ये त्यांनी ग्रामसभांची इतिवृत्तं लिहिण्यात सारी नोकरी काढली. मी मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्या पोटभर हसल्या.

"लई झ्याक लिवलंय गं. नाटक बसवता येईल. पण ठराव कुठाय?"

"सगळे हो म्हणाले, अक्का."

"कशाला हो? सूचक कोण? अनुमोदक कोण? बाजूने किती, विरोधात किती? कोण काय बोललं ते सोड, 'चर्चा झाली' एवढं बास. काय ठरलं त्याचा शब्द न् शब्द पाहिजे. आन् तो मतदानाच्या आधी वाचून दाखवायचा, मागनं न्हाई."

अध्यक्षांकडे सोपा उपाय होता. "मॅडम, अजून सही कुठं झालीय? 'गच्ची बंद' असं लिवून टाका. काका आपलेच हायेत."

"जे झालंच नाही ते कसं लिहू? आठ-दहा दिवसांनी बायका लेखी हरकत घेतील, तेव्हा काय सांगायचं?"

बायकांची मतं किती, याचा हिशेब अध्यक्षांनी मनात केला असावा. कमिटीच्या बैठकीत त्यांनीच, जणू आपलीच कल्पना असल्यासारखा, पुन्हा सभा घ्यायचा तोडगा मांडला. माझं नाट्य मी काढून टाकलं, आणि मसुद्यात एकच खरं वाक्य राहिलं: 'गच्चीच्या वापराबाबत चर्चा झाली, स्पष्ट ठराव झाला नाही.' मग विषय लिहून, मुदतीची नोटीस देऊन विशेष सभा बोलावली.

यावेळी मी आधी हजेरीपटावर सह्या घेतल्या, गणपूर्ती झाल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी भाषण आवरतं घेऊन "मंग ठरलं न्हवं?" म्हणताच मी उभी राहिले.

"थांबा. ठराव वाचते. 'गच्ची सकाळपासून सूर्यास्तापर्यंत सर्व सभासदांसाठी खुली राहील, नंतर कुलूप लावले जाईल, गळतीची तपासणी सोसायटी करून घेईल.' सूचक?"

अक्कांनी हात वर केला. शेजारच्या वहिनींनी अनुमोदन दिलं.

मतदानाला हातांचं रान उभं राहिलं. काही घरांतून दोन-दोन हात. मी म्हणाले, "एका फ्लॅटचं एकच मत. दोघांच्या नावावर असेल, तर पहिल्या नावाचा सभासद हजर असताना मत त्याचंच."

काकांचा हात विरोधात ताठ उभा होता. त्यांच्या शेजारी काकूंनी मान खाली घालून बाजूने हात वर केला होता. मी सभासदांची यादी पाहिली. पहिलं नाव काकूंचं.

"काका, तुमचा हात धरता येणार नाही."

"घरात तरी कोण धरतंय," काकू पुटपुटल्या. ते मात्र मी इतिवृत्तात घेतलं नाही.

ठराव बहुमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः कुरडयांची पातेली वर नेत होते, आणि जिन्यात भेटल्यावर मला विचारत होते, गळती तपासायला माणूस कधी येतोय.