शून्य दुखण्याची नोंद

प्रताप नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. माणसं मोजकी, पाटी दारापेक्षा मोठी. धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी वॉर्डातल्या नोंदींचा प्रोग्रॅम केला, तेव्हा मालकांनी फीत कापवली आणि भाषणात त्याला दोनदा ‘अचूक’ म्हटलं.

आठवडाभरात तिथल्या एका सिस्टरवर बालंट आलं. दुखणं किती, हे रुग्णाला विचारून शून्य ते दहा असा आकडा ती भरायची. तरी पडद्यावर ‘नोंद बाकी’ म्हणून लाल ओळी दिसायच्या. कामचुकार म्हणून तिला वॉर्डातून हलवायचं ठरत होतं. मालकांनी मला धाडलं, तेही तिला नीट भरायला शिकवण्यासाठी.

मी वॉर्डात तिच्या शेजारी बसलो. तिने खाटेवरच्या आजोबांना विचारलं.

“अवं, नाही दुखत म्हणलं ना! सकाळपासून तेच विचारून राहिली. आता दुखलंच पाहिजे का?”

तिने शून्य भरला. ओळ लालच.

“पाहा दादा. काहून असं करते हे?”

पुढच्याचं दुखणं चार होतं. ती ओळ हिरवी झाली. बरं असणं तेवढं आमच्या अचूक प्रोग्रॅमला मंजूर नव्हतं.

ऑफिसात येऊन कोड उघडला. नोंद तपासणारा भाग खुद्द मालकांनी लिहिलेला. न भरलेली जागा रिकामी मजकूर-किंमत `""` म्हणून राहायची आणि भरलेली संख्या म्हणून. तपासणी होती `dukhane == ""`. जावास्क्रिप्टमध्ये `==` या तुलनेच्या खुणेच्या दोन बाजूंचे प्रकार वेगळे असले, की ही भाषा न सांगता रूपांतर करते. रिकाम्या मजकुराचा शून्य होतो, म्हणून `0 == ""` खरं, आणि भरलेला शून्य रिकामा ठरतो. `0 == "0"` हेही खरं. मात्र `"0" == ""` खोटं, कारण तिथे दोन्ही मजकूरच. इथे आणखी एक `=` हवं, असं मी मालकांना सांगितलं.

“एका खुणेनं काय फरक पडते गा?” मालक म्हणाले.

“सिस्टरची बदली होते.”

मी `===` लिहिलं. ते रूपांतर करत नाही. प्रकार वेगळे, तर उत्तर थेट ‘खोटं’. सोबत नियम ठरवला: फॉर्ममधून आलेला मजकूर आधी रिकामा आहे का पाहायचा, मग आपणच `Number()` ने संख्या करायची आणि मगच `===` ने तुलना. क्रम उलटा केला तर `Number("")` पुन्हा शून्यच देतो आणि न विचारलेला रुग्ण ठणठणीत ठरतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बदललेला प्रोग्रॅम चढवला. बदली ठरवणाऱ्या मुख्य नर्स, म्हणजे मेट्रन, मागे उभ्या. सिस्टरने शून्य भरला आणि ओळ हिरवी झाली. मेट्रन “हं” म्हणून पुढे गेल्या. बदलीचा विषय तिथेच संपला.

“झालं का वं तुमचं?” आजोबांनी विचारलं.

“झालं बाबा. तुमाले दुखत नाही, हे आता त्याले पटलं.”

“मी तं कालपासूनच सांगून राहिलो,” म्हणत ते कुशीवर वळले.