आधी गुडमॉर्निंग, मग नारळ

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, त्याची माफी असावी. माझी शाळा चौथीतच सुटली. पण हे लिहून ठेवायचंच आहे.

कारंज्यात मंदिराच्या रस्त्यावर माझं नारळ-हाराचं दुकान आहे. दक्षिणेकडच्या गाड्या येतात. त्या लोकांना हिंदी येत नाही, मराठीचं तर नावच नको. मी खाली मान घालून बोटांनी भाव सांगायची. ते पुढच्या दुकानात जायचे.

माझी आठवीतली लेक म्हणाली, "आई, बारा वाजेपर्यंत गुडमॉर्निंग, मंग गुड आफ्टरनून, सांजच्याले गुड इव्हिनिंग. गुडनाइट जातानी म्हणतात, आल्याबरोबर नाही." तिनं ते मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दिलं. वेलकम, थँक्यू, कम अगेन हेही लिहिलं. मी भांडी घासताना घोकलं. खाली मान घालूनच लेकीला म्हणून दाखवलं, तर ती ओरडली,

"आई, वर पाह्य! पायाले काय गुडमॉर्निंग म्हनतं का कोनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बस आली. मी मान उचलली आणि म्हणाले, "गुडमॉर्निंग अम्मा, वेलकम." समोरची बाई खुलून हसली. तिच्या हनुवटीवर तीळ होता. "गुडमॉर्निंग, गुडमॉर्निंग!" म्हणत तिनं तीनशेचं सामान घेतलं, मोबाईलवर पैसे टाकले आणि गर्दीत गेली. तेवढ्यात मोबाईलवरून पैसे आले की आकडा सांगणारा माझा डबा बोलला, "तीन हजार रुपये प्राप्त झाले."

शेजारचे दुकानदार काका हसले. "सूनबाई, इंग्रजी पावली तुले! ठेव गुमान. ते लोक कायले येतात परत?"

मला राहवेना. गाडी जेवण करून निघणार होती. सत्तावीसशे परत द्यायचे, गल्ल्यात एकोणीसशे. मी काकांपुढे हात पसरला. "पागल झाली का?" म्हणत त्यांनी आठशे मोजून दिले.

बसपाशी चाळीसेक बाया, सगळ्यांच्या केसांत गजरे. आधीची मी असते तर कुणाला ओळखलं असतं? मला नुसते पाय आठवले असते. पण तो तीळ मी पाहिला होता. ती पायरीवर चढत होती.

"गुड आफ्टरनून, अम्मा!" मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

तिचा नवरा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पेड! पेड!" मी आणखी पैसे मागते आहे असं त्याला वाटलं. मी मोबाईलवर तीन हजार दाखवले, मग तळहातावर बोटानं तीनशेचा आकडा काढला आणि नोटा तिच्या हातात ठेवल्या. तिनं मोबाईल पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "थँक्यू, सिस्टर." खिडक्यांतून सगळी बस "थँक्यू" म्हणू लागली.

"वेलकम. कम अगेन," मी म्हणाले. मान वरच होती.

परत येऊन मी काकांच्या दुकानातल्या, पैसे टाकायच्या ठिपक्यांच्या कागदावर मोबाईल धरला.

"गुड आफ्टरनून, काका."

त्यांचा डबा साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा बोलला, "आठशे रुपये प्राप्त झाले."