चार आकडे, पाच अक्षरं

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघायला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. मालकांनी वर्षभराची सगळी बिलं आणि आलेली सगळी रक्कम जुळवायला सांगितली. बिलं एका शीटवर, जमा दुसऱ्या शीटवर. मी एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावला, म्हणजे बिल नंबर दुसऱ्या शीटवर शोधून त्यासमोरची रक्कम आणणारा फॉर्म्युला, आणि खालपर्यंत ओढला.

गिऱ्हाइकांनी थेट बँकेत भरलेले पैसे जुळले. पण काऊंटरवर रोख नि चेकने फिटलेल्या बिलांसमोर सरळ #N/A. एकही पावती सापडेना. तो काऊंटर सांभाळायचे मोहोळकडचे एक काका, बावीस वर्षं तिथंच.

मालकांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला. "फक्त काकांच्याच पावत्या?"

काका समोरच बसले होते. "साहेब, पैका मी रोज बँकेत भरलाय की," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. माझ्याच फॉर्म्युल्यामुळे हे झालं, हे मला बोचत होतं.

मी एक बिल हातानं शोधलं. १०४७. दोन्ही शीटवर होतं, डोळ्यांना अगदी सारखं. मग लक्षात आलं, बिलांच्या शीटवर तो नंबर रकान्याच्या उजव्या कडेला होता, जमेच्या शीटवर डाव्या. एक्सेल आकडा उजवीकडे लावतं, मजकूर डावीकडे; म्हणजे तिकडे तो आकडा नव्हता, मजकूर होता. लेन हा फॉर्म्युला लावून अक्षरं मोजली. चार आकडी नंबराची पाच अक्षरं! काऊंटरच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी काढताना प्रत्येक नंबरामागे एक रिकामी जागा चिकटून आली होती.

शेजारी नवा रकाना घेतला. ट्रिमने जागा काढली, व्हॅल्यूने आकडा केला, आणि व्हीलुकअप त्या रकान्यात शोधायला लावला. #N/A भराभर गेले. अकलूजच्या एका दुकानदाराचं बिल मात्र अर्धंच भरलेलं दिसत होतं. काका खुर्ची ओढून जवळ आले. "त्यानं दोन हप्त्यांत दिलंय, पोरी."

खरंच की. व्हीलुकअप पहिली सापडलेली ओळ उचलतो आणि थांबतो. मी समइफ लावला, एका नंबरापुढच्या सगळ्या रकमा एकत्र झाल्या आणि बिल पूर्ण फिटलं. शेवटी तीन बिलं उरली, तीही खरोखरच येणं बाकी असलेली.

मालकांना दाखवलं. ते बराच वेळ शीट खालीवर करत राहिले. मग उठून काकांच्या टेबलाशी गेले. "काका, मी उगाच शंका घेतली. मनावर घेऊ नका."

"तुमी विचारलंत, ते बरंच झालं," काका म्हणाले. "न विचारता मनात ठेवलं असतं तर लई वाईट झालं असतं."

मला एकदम हलकं वाटलं. काकांनी डबा उघडला, थंड झालेल्या भाकरीवर शेंगाचटणी घातली आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.